चुकलं असेल तर सांगा

आखाडा बाळापुरात कुणाच्या दुकानाला वर्ष झालं की लगेच त्याचा गाजावाजा फोनवर सुरू होतो. मालकाचा हात जोडलेला फोटो, मागं फुगे, आणि खाली असा मजकूर की वाचणाऱ्याला वाटावं, हे दुकान नसतं तर गाव उघडंच फिरलं असतं. रुपाला याची धास्ती होती. तिचं दुकान म्हणजे बाजारातला एक गाळा. एका भिंतीला मॅचिंगचे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोऱ्याची रिळं, आणि दारापाशी उजेडाला शिलाई मशीन. पुढं दगडी ओटा. एवढ्याशा दुकानाचा ढोल किती वाजवायचा, हा तिला प्रश्न होता.

मजकूर लिहून द्यायला आफिफा आली होती. शेजारच्या झेरॉक्सवाल्या नासेरभाईंची ही पोरगी कॉलेजात शिकत होती, आणि अर्ध्या बाजाराच्या इन्स्टाग्रामच्या पानांवरचे मजकूर तीच लिहायची. तिनं येता येताच एक मजकूर तयार करून आणला होता. ‘यशस्वी वर्षपूर्ती! हजारो समाधानी ग्राहक! बाळापूरचा एकच विश्वास!’ रुपानं तो वाचला आणि तिला हसू आवरेना. हजारो बाया या गाळ्यात आल्या असत्या तर ओटा खचला असता, ती म्हणाली. आफिफा म्हणाली, सगळे असंच लिहितात भाभी. रुपा म्हणाली, म्हणून तर कुणी वाचत नाही.

मग दोघींनी मिळून खाडाखोड सुरू केली. ‘यशस्वी’ गेलं, ‘हजारो’ गेलं, ‘एकच विश्वास’ तर रुपानं स्वतःच्या बोटानं पुसला. आफिफाला आपल्या कामाची जाण होती. ती म्हणाली, पहिल्या दोन ओळींतच आभार यायला पाहिजेत, कारण पुढचं झाकलं जातं आणि लोक ते उघडायचे कष्ट घेत नाहीत. ऑफर छोटी असली तरी चालेल, पण कशावर, कुणाला आणि कधीपर्यंत हे नीट लिहायचं, नाहीतर बाया दारात येऊन भांडतील. रुपानं ऑफर आधीच ठरवली होती. येत्या शनिवारपर्यंत जी ब्लाउज शिवायला टाकेल तिच्या एका साडीचं फॉल-पिको मोफत. तेवढं झेपत होतं. आधी नवऱ्यानं, रणजीतनं, निम्म्या शिलाईत ब्लाउज सुचवला होता, पण रणजीत जीप चालवतो, शिवत नाही, त्यामुळं त्याची सूचना तिनं कानाआड केली होती.

“एक गोष्ट पाहिजे मधी,” आफिफा म्हणाली. “नुसते आभार सुके वाटतात. तुमच्या दुकानात पहिलं कोण आलं होतं?”

“पुजा,” रुपा पटकन म्हणाली. “धर्मसिंगमामांची सून. तिच्याच हातची बोहनी.”

पुजा गोड मुलगी होती, नवी नवरी, हातभर हिरवा चुडा. त्या दिवशी पहिल्या विक्रीचा मोरपंखी रंगाचा पीस तिनंच घेतला होता आणि मशीनला हळदीकुंकू लावलं होतं. आफिफानं लगेच ओळ जुळवली : ‘पहिल्या सकाळी सगळ्यात आधी पायरी चढल्या त्या पुजाताई. त्यांच्या पायगुणानं हे वर्ष पार पडलं.’ ओळ चांगली होती. रुपालाही आवडली.

तेवढ्यात पायरीशी नीलाबाई येऊन उभी राहिली. बंजारा तांड्यावरची ही बाई साठीला टेकलेली. हळदीच्या कामाला जायची, त्यामुळं बोटं कायम पिवळी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. रुपाचं माहेरही तांड्याचंच, पण बाजारात बसलं की दोघी बाजारचीच बोली बोलायच्या. नीलाबाईनं नेहमीसारखी पिशवी पोटाशी धरली आणि नेहमीसारखं विचारलं.

“बोहनी झाली ना, रुपा?”

“झाली ना मावशी, या,” रुपाही नेहमीसारखं म्हणाली, आणि मग नीलाबाई वर आली.

आफिफाला आपला मजकूर कुणाला तरी ऐकवायचाच होता. तिनं मावशीला बसवून सगळा वाचून दाखवला. नीलाबाई मान हलवत ऐकत होती. पुजाच्या ओळीशी तिची मान थांबली. एवढंच झालं. चेहरा पडला नाही की काही नाही. ती म्हणाली, चांगलं लिहिलं पोरी, आणि पिशवीतून नातीचं पोलकं काढून, बाही उसवली आहे तेवढी शिवून दे म्हणाली. रुपानं पोलकं हातात घेतलं, आणि तिला ती पहिली सकाळ आठवली.

कारण पहिली पुजा आली नव्हती. पहिली नीलाबाई आली होती.

त्या सकाळी रुपानं शटर उचललं, उदबत्ती लावली, देवाला नारळ फोडला आणि वळून पाहिलं तर पायरीशी नीलाबाई. तांड्यावरून पहिल्या जीपनं आली होती. ‘आपल्या पोरीनं दुकान टाकलं’ म्हणून कौतुकानं, नवा कोरा ब्लाउजपीस घेऊन. रुपाची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली, मोकळ्या मनगटांवर गेली. दुकानाचा पहिला दिवस, पहिली बोहनी, आणि... पुढचं तिनं मनातसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. फक्त तोंडातून निघालं होतं, “मावशी, जरा बाहेर बसा हं, सामान लावून घेते.” सामान आदल्या संध्याकाळीच लावून झालं होतं. रिळंसुद्धा रंगांप्रमाणं ओळीत होती. रुपानं मग उगाच दोन गठ्ठे खाली काढले आणि पुन्हा वर ठेवले, पुन्हा काढले, पुजा येईपर्यंत. नीलाबाई ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पुजाची बोहनी झाल्यावर रुपानं नीलाबाईला मोठ्या प्रेमानं हाक मारली होती आणि चहासुद्धा पाजला होता.

सासूनं सांगितलं असतं तर सासूवर ढकलता आलं असतं. पण सासू, रुख्मिणीबाई, त्या दिवशी नातेवाइकांकडं नरसीला गेली होती. कुणीही सांगितलं नव्हतं. रुपानं आपल्या डोक्यानं, आपल्या तोंडानं केलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती ते विसरून गेली होती. नीलाबाई मात्र विसरली नव्हती. त्या दिवसापासून ती एकदाही सकाळी आली नव्हती. ऊन माथ्यावर आलं की यायची, पायरीखाली थांबायची, बोहनीचं विचारायची आणि मगच चढायची. रुपाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची बोलायची रीत आहे. वर्षभर तिनं ‘झाली ना, या’ म्हणून तिला वर घेतलं होतं, हसतमुखानं. आणि वर्षभर तांड्यावरच्या बाया पीस घेऊन येऊन म्हणायच्या, आमाला नीलाबाईनं धाडलं. हळदीच्या कामावर ती रुपाच्या हाताचं कौतुक करायची म्हणे.

नीलाबाई गेल्यावर रुपा आफिफाला म्हणाली, आज हे टाकू नको. का, तेही तिनं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण आत ठेवताही येईना. आफिफाला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, पण ती पोरगी मजकूर लिहिणारी, त्यामुळं थोड्या वेळानं तिचे डोळे लकाकले. तिनं भराभर टाईप केलं आणि फोन पुढं केला.

‘आज एक कबुली द्यायची आहे. पहिल्या दिवशी आमच्या दारात एक विधवा मावशी आली होती. आम्ही तिला बाहेर बसवलं. आम्ही चुकलो. आज वर्षपूर्तीची बोहनी त्याच मावशीच्या हातून. बदल घरापासून सुरू होतो.’

“भाभी, हे लोक पुढं पाठवतील,” आफिफा म्हणाली. “नांदेडपर्यंत जाईल.”

रुपानं वाचलं. पहिल्यांदा वाचताना तिचे डोळे भरले आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. हे उतरणंच तिला खटकलं. तिनं पुन्हा वाचलं. ‘आम्ही चुकलो’ असं लिहिलं होतं खरं, पण ओळ संपेपर्यंत आपणच मोठ्या झालो होतो. ‘हजारो समाधानी ग्राहक’ पुसून घालवलेला मोठेपणा मागच्या दारानं आत आला होता. आणि नीलाबाई? तिचं काय होणार होतं? सगळ्या बाजाराच्या फोनवर ती ‘एक विधवा मावशी’ होऊन बसणार होती, एकदा ओट्यावर बसवली ती आता कायमची.

“पुस,” रुपा म्हणाली.

“पण भाभी, खरं हाय ना हे?”

“खरं हाय. म्हणून तर पुस. माफी तिची मागायची, ह्या लोकांची काहून मागू?”

घरी रणजीतला सांगितलं तर तो म्हणाला, एवढं काय त्यात, गावात सगळेच करतात, तिला एक ब्लाउज फुकट शिवून दे. त्याच्या मते कुठलंही दुखणं काहीतरी फुकट दिल्यानं बरं होतं. रुपा त्याच्याशी भांडली नाही. सगळेच करतात हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. सगळेच करतात म्हणून तर त्या सकाळी तिला विचारसुद्धा करावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं मजकूर स्वतः लिहिला. पुजाचं नाव काढलं, नीलाबाईचं घातलं नाही. आफिफानं फक्त ओळी नीट लावून दिल्या आणि संध्याकाळी तो पानावर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर चढवला.

‘उद्या दुकानाला एक वर्ष होईल. शिवण आमची, पण दुकान चाललं ते तुमच्या येण्यामुळं. तुमचे मनापासून आभार. कुणी सकाळी आलं, कुणी दुपारी. कुणाची बाही घट्ट झाली, कुणाला वाट पाहावी लागली, तरी तुम्ही परत आलात. आमच्याकडून छोटीशी भेट : येत्या शनिवारपर्यंत ब्लाउज शिवायला टाकणाऱ्यांना एका साडीचं फॉल-पिको मोफत. साडी सोबत आणावी. आणि वर्षभरात काही चुकलं असेल तर सांगा. दुरुस्त करून देऊ.’

आफिफाचं म्हणणं पडलं की फार साधं झालं. पण बाहीवाली ओळ तिला आवडली.

मजकूर चढल्यावर रुपा रणजीतच्या जीपनं तांड्यावर गेली. नीलाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. बोलायचं सगळं रुपानं वाटेत जुळवलं होतं, पण समोर सून, नात, शेजारीण. तोंडातून एवढंच निघालं की मावशी, उद्या सकाळी या, दुकान उघडायच्या वेळी, काम हाय. नीलाबाईनं तिच्याकडं थोडा वेळ पाहिलं आणि बघू म्हणाली. शेंगा मात्र ओंजळभर बांधून दिल्या. त्या शेंगा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसताना रुपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षपूर्तीच्या सकाळी तिनं शटर उचललं, उदबत्ती लावली आणि रस्त्याकडं डोळे लावून बसली. बेत पक्का होता. आजची पहिली बोहनी नीलाबाईच्या हातची. त्याशिवाय कात्रीसुद्धा उचलायची नाही. पण ऑफरचा मजकूर आपलं काम करून चुकला होता. उघडल्या उघडल्या दोघी आल्या, हातात साड्यांच्या पिशव्या. मागून आणखी एक. मग पुजा आली, छातीशी दोन महिन्यांचं लेकरू घेऊन.

“जरा बाहेर बसा हं,” रुपा म्हणाली. “सामान लावून घेते.”

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले. तेच शब्द, त्याच चालीत. पण तिनं मनाला समजावलं की आजची गोष्ट वेगळी, आज आपण चांगल्यासाठी बसवून राहिलो. बाया ओट्यावर टेकल्या. मोटारसायकली धूळ उडवत जात होत्या. एकीला पुढं दवाखान्यात जायचं होतं, दुसरीला रोजावर. पुजाचं लेकरू रडायला लागलं. सामान तर लावलेलंच दिसतंय, असं कुणीतरी हळूच म्हणालं, आणि रुपानं ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं एक गठ्ठा खाली काढला आणि पुन्हा वर ठेवला.

नीलाबाई आली तेव्हा ओटा भरला होता. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. ती पायरीखाली थांबली, बायांकडं पाहिलं, सगळ्यांच्या मांडीवरच्या पिशव्यांकडं पाहिलं, मग आत रुपाकडं.

“बोहनी झाली ना?”

“न्हाई मावशी.” रुपा दारात आली. “तुमच्या हातानं करायची हाय. म्हणून थांबले.”

पुजानं पदर सावरला. नीलाबाईच्या चेहऱ्यावर रुपाला जे दिसेल असं वाटलं होतं ते दिसलं नाही. तिथं संकोच होता, आणि त्याखाली राग.

“ह्या बायांना माझ्यापायी बसवलं तू?”

रुपानं मान डोलावली.

“लेकरू रडून राहिलं हिचं,” नीलाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बसवलेल्या माणसाला काय वाटते, ते तुला ठाऊक न्हाई रुपा. मला हाय. तूच लिहिलं म्हणे फोनात, चुकलं तर सांगा. नातीनं वाचून दाखवलं. म्हणून सांगून राहिले.” मग ती पुजाकडं वळली. “जाय पोरी, तू जाय आत.”

पुजा अवघडून आत गेली. बोहनी पुन्हा तिचीच झाली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. रुपानं मापं घेतली, साड्या घेतल्या, कुणाचा गळा केवढा ते लिहून घेतलं, आणि सगळा वेळ तिला पाठीमागं ओटा जाणवत होता. नीलाबाई त्याच जागी बसली होती, त्याच कोपऱ्यात, पिशवी मांडीवर. या वेळी कुणी बसवलं नव्हतं, ती आपणहून बसली होती.

शेवटची बाई गेल्यावर रुपा बाहेर आली आणि तिच्याशेजारी खाली दगडावर बसली.

“मावशी, त्या दिशी सामान लावायचं न्हवतं.”

“ठाऊक हाय,” नीलाबाई म्हणाली. “रिळं लावलेली दिसत होती इथून. लाल, मग गुलाबी, मग जांभळी. दुसरं बघायला काय होतं मला.”

रुपाला रडू फुटलं. भर बाजारात, दुकानाच्या वाढदिवशी, ओट्यावर बसून ती रडली. माझं चुकलं, ती म्हणाली, मला कुणी सांगितलं न्हवतं, माझं मीच केलं. नीलाबाईनं तिला जवळ घेतलं नाही आणि झिडकारलंही नाही. रस्त्याकडं पाहत बसली.

“मग वर्षभर काहून येत राहिल्या?” रुपानं शेवटी विचारलं.

“तू बाही बराबर बसवते.” नीलाबाईनं पिशवीतून एक साडी काढली, जुनी पण जपलेली, आणि वर एक ब्लाउजपीस ठेवला. “राग तुझा होता. तुझ्या हातावर कशाला काढू? थोरल्या नातीच्या साखरपुड्याला नेसायची हाय. फोनात लिहिलेलं सगळ्याला हाय ना?”

“व्हय मावशी. सगळ्याला.”

“मग घे. जास्तीचं काही करू नको. लिहिलं तेवढंच कर.”

रुपानं साडी दोन्ही हातांनी घेतली. फॉल-पिको करून ठेवते, ती म्हणाली, साडी उद्या न्या, ब्लाउज मागून देते. आणि मग, पाया पडल्यासारखं, सकाळीच या मावशी, दुकान उघडलं की. नीलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि बघू म्हणाली.

त्या दिवशी रुपानं दुसरं काही शिवलं नाही. साडीच्या रंगाचा फॉल शोधायला तिनं सगळी पेटी उपसली. फॉल मशीनवर न घालता हातानं, बारीक टाक्यांनी लावला, उलट्या बाजूनंही दिसणार नाहीत असे. ‘लिहिलं तेवढंच कर’ हे तिला आठवत होतं, आणि हातशिलाई हे जास्तीचं होतं की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

सकाळी तिनं शटर उचललं. उदबत्ती लावली. ओटा रिकामा होता. थोड्या वेळानं शाळेत जाणारी एक पोरगी काळ्या दोऱ्याचं रीळ मागायला आली. रुपाची नजर रस्त्यावर गेली, तांड्याकडून येणाऱ्या जीपकडं गेली. मग तिनं रीळ काढून दिलं. पोरीला बसवलं नाही.

दुपारी आफिफा फोन नाचवत आली. मजकुराखाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. एकीनं लिहिलं होतं, ‘ताई, तुमचा स्वभावच एवढा चांगला आहे, म्हणून माणसं टिकतात.’ खाली धन्यवाद लिहू का, आफिफानं विचारलं. रुपा म्हणाली, राहू दे.

ऊन माथ्यावर आलं होतं. रुपानं मान वर केली तर पायरीखाली नीलाबाई उभी होती, पिशवी पोटाशी धरून.

“बोहनी झाली ना, रुपा?”

साडी घडी करून मशीनवर तयार ठेवलेली होती. दुसरं कुठलंही उत्तर रुपाला चाललं असतं, पण खरं तेवढंच होतं.

“झाली, मावशी,” ती म्हणाली, आणि नीलाबाई पायरी चढून वर आली.